एक दिवस, एक कार्ड

लडाखला निघालेल्या बाइकस्वाराने मोठ्यात मोठं मेमरी कार्ड घेऊ नये. हे आधीच सांगून टाकतो, कारण दर उन्हाळ्यात कॅमेऱ्याच्या दुकानांतून नेमका उलटा सल्ला दिला जातो. "साहेब, ५१२ चं एकच टाका. बारा दिवस काढायचीसुद्धा गरज नाही."

काढायची गरज नाही, हाच त्यातला धोका. मनाली, जिस्पा, सरचू, लेह, नुब्रा, पँगाँग असा सगळा प्रवास नखाएवढ्या एका तुकड्यावर साठत जातो. तो तुकडा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात बसून दिवसभर खड्ड्यांतून, धुळीतून आणि वितळलेल्या बर्फाच्या नाल्यांतून जातो. जेवायला थांबल्यावर हेल्मेट आरशाला लटकवलं जातं, रात्री तंबूच्या कोपऱ्यात पडतं. अकराव्या दिवशी ते कार्ड रुसलं किंवा कॅमेराच कुणी उचलून नेला, तर एका दिवसाचं नुकसान होत नाही, पहिल्या दिवसापासूनचं सगळं जातं. खारदुंगला पुन्हा चढता येईल. पण त्या दिवशी तिथे पोचल्यावर मित्राच्या तोंडून जे निघालं, ते दुसऱ्यांदा निघत नाही.

माझं म्हणणं सोपं आहे. ६४ जीबीची छोटी कार्डं घ्या आणि दिवसाला एक वापरा. रोज रात्री त्या दिवसाचं कार्ड एका एसएसडीवर कॉपी करा. आणि घरी परत येईपर्यंत एकही कार्ड फॉर्मॅट करू नका. म्हणजे रोज झोपताना त्या दिवसाच्या दोन प्रती तयार असतात, एक कार्डावर आणि एक एसएसडीवर. बाकी सगळं या तीन वाक्यांसाठीच आहे.

आधी हिशेब. कार्ड किती हवीत हे दुकानात ठरत नाही, घरी ठरतं. प्रवासात जी सेटिंग ठेवणार, तीच लावून आपल्याच गल्लीतून, आपल्याच गाडीवर दहा मिनिटं शूट करा. फाइलींचा एकूण आकार बघा आणि सहाने गुणा. तासाला किती जीबी लागतात ते कळलं. माहितीपत्रकातला आकडा 'मेगाबिट'मध्ये असतो आणि कार्डाचा 'गीगाबाइट'मध्ये. आठ बिटांचा एक बाइट, ही एवढी गोष्ट विसरल्यामुळे कित्येकांचा अंदाज आठ पटींनी चुकतो. सेकंदाला ६० मेगाबिट म्हणजे साडेसात मेगाबाइट, मिनिटाला ४५० मेगाबाइट, दहा मिनिटांना साडेचार जीबी, तासाला २७ जीबी. तीच सेटिंग १०० मेगाबिटवर नेली की तासाला ४५ जीबी.

आता एका प्रवासाचा हिशेब मांडू. बारा दिवस गाडीवर, फोर-केमध्ये सेकंदाला तीस फ्रेम, बिटरेट ६०. दिवसाला सहा-सात तास गाडी चालते, पण कॅमेरा दीड तासच चालू राहील असं धरू. दीड तासाचे झाले साधारण ४० जीबी. बारा दिवसांचे ४८०. दिवसाचे ४० जीबी ६४ च्या कार्डात आरामात मावतात, वर पन्नासेक मिनिटांची जागा उरते. म्हणजे बारा कार्डं, आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला किंवा एखादं कार्ड दगावलं तर हाताशी असावीत म्हणून आणखी दोन. एकूण चौदा. एसएसडी १ टीबीची. ५०० जीबीचीत हे कसंबसं बसेल, पण रोज रात्री थंडीत 'आता काय पुसू' असा विचार करावा लागेल, आणि थकलेल्या माणसाने पुसायचा निर्णय घेऊच नये. १०० मेगाबिटवरच शूट करायचं असेल तर ६४ चं कार्ड तास-सव्वातासात भरत येईल. मग १२८ ची घ्या, पण संख्या तीच ठेवा आणि एसएसडी २ टीबीची करा.

दीड तास कमी वाटतो? कमी नाही. गाटा लूप्सची एकवीस वळणं सलग दाखवली तर घरचे सातव्या वळणाला उठून जातात. नाला ओलांडताना, ट्रकमागून सुटताना, खिंडीच्या माथ्यावर पोचताना, चहाच्या तंबूपाशी गाड्या लागताना कॅमेरा चालू असावा. उरलेल्या वेळी त्याने गप्प बसावं. कार्ड छोटं असलं की हात आपोआप बंदच्या बटणावर जातो. मला छोट्या कार्डाचा हा गुण फार मोलाचा वाटतो.

कार्ड घेताना त्यावरचा एकच शिक्का बघा: व्ही ३०. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी, असा त्याचा अर्थ. आपल्याला साडेसात ते पंधरा लागतात, म्हणजे पुरेसा वाव राहतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत १७० किंवा १९० असा जो आकडा मिरवतो, तो वाचण्याचा कमाल वेग असतो, तोही त्या कंपनीच्या खास रीडरमध्ये मिळणारा. रेकॉर्डिंगशी त्याचा संबंध नाही.

बनावट कार्डांचं प्रकरण मात्र नीट समजून घ्यायला हवं. यात आत १६ जीबीचीच जागा असते, पण कार्ड कॅमेऱ्याला सांगतं की मी ६४ चं आहे. पहिले १६ जीबी व्यवस्थित लिहिले जातात. पुढचं एक तर जुन्यावरच लिहिलं जातं, नाही तर कुठेच लिहिलं जात नाही. फाइलींची नावं दिसतात, आकार बरोबर दिसतो, पण उघडायला गेलं की उघडत नाहीत. म्हणजे सकाळचं शूटिंग ठीक आणि दुपारचं गायब, आणि कॅमेरा एका शब्दाने सांगत नाही. घरी दहा मिनिटांचं शूट करून पाहिलं तर हे कधीच पकडता येत नाही, कारण तेवढ्याने १६ जीबी भरतच नाहीत.

यावर उपाय एकच. निघायच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघायचं. विंडोजवर H2testw नावाचा छोटा मोफत प्रोग्राम हे काम करतो. तो कार्डावर एकेक जीबीच्या फाइली लिहितो आणि मग सगळ्या परत वाचून ताडतो. शेवटी Test finished without errors असं आलं की कार्ड खरं. कार्डामागे बराच वेळ जातो, चौदा कार्डांना दोन-तीन संध्याकाळी लागतील. पण ही चाचणी टाळायची आणि मग लडाखमध्ये देवाचं नाव घेत शूट करायचं, याला मी तयारी म्हणणार नाही. चाचणी झाली की प्रत्येक कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात फॉर्मॅट करा. हा प्रवासाआधीचा शेवटचा फॉर्मॅट.

मग कार्डांना नंबर द्या. मायक्रो एसडीवर लिहायला जागा नसते, म्हणून नंबर कप्प्यांच्या डबीला द्या. एक ते चौदा कप्पे, पक्क्या शाईने. कोरं कार्ड सुलटं ठेवायचं, भरलेलं उलटं. मायक्रो एसडीला कुलपाची पट्टी नसते, ती फक्त मोठ्या अडॅप्टरला असते. तेव्हा डबीत पालथं पडलेलं कार्ड हेच आपलं कुलूप. पालथं कार्ड कॅमेऱ्यात जात नाही, हा नियम गाडीवर मागे बसणाऱ्यालाही सांगून ठेवा.

आता एसएसडी. इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. कपाटात एखादी जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क पडलेली असते, 'तीच घेऊन जाऊ, दोन टीबीची आहे' असं वाटतं. ती नेऊ नका. त्या डिस्कमध्ये वाचणारं डोकं तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या फिरण्याने जो हवेचा अतिपातळ थर तयार होतो, त्यावर ते तरंगतं. हवा विरळ झाली की थर पातळ होतो आणि डोकं खाली येतं. म्हणून अशा बहुतेक डिस्कच्या तांत्रिक तक्त्यात चालवण्याची कमाल उंची ३,०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट, अशी दिलेली असते. लेह ३,५०० मीटरवर आहे. पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास. मनाली सोडल्यावर पहिल्याच मुक्कामाला, जिस्पाला, आपण ती मर्यादा ओलांडलेली असते. दर वेळी डिस्क बंद पडेलच असं नाही. पण आपल्या एकमेव दुसऱ्या प्रतीसाठी असा जुगार का खेळायचा? त्यात दिवसभर गाडीचे हादरे. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिला उंचीशी घेणं नाही.

एसएसडी घरीच एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करून ठेवा, म्हणजे फोन, विंडोज आणि मॅक तिघेही ती वाचतील. आणि घरीच, तुमच्याच फोनवर, तुमच्याच केबलने एकदा ४० जीबी कॉपी करून बघा. काही जुने अँड्रॉइड फोन एक्सफॅट ओळखत नाहीत. काही फोन एसएसडी आणि रीडर दोघांना पुरेल एवढी वीज देत नाहीत, मग एसएसडी मध्येच गायब होते. त्यासाठी चार्जरची केबल लावता येते असा छोटा हब घ्या. हे पुण्यात कळलं तर पाचशे-हजारांत भागतं. सरचूला कळलं तर भागत नाही.

लॅपटॉप न्यावा का? असला आणि सामानात जागा असली तर जरूर. पण बहुतेक जण गाडीवर लॅपटॉप नेत नाहीत, आणि त्याच्यावाचून हे काम अडतही नाही. फोन, हब, रीडर, एसएसडी. चार वस्तू एका पिशवीत मावतात.

आणि 'रात्री क्लाउडवर टाकू' हा विचार तर सोडूनच द्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. ते असूनही सेकंदाला ५ मेगाबिटचा अपलोड वेग अखंड मिळाला असं धरलं, तरी ४० जीबी चढवायला जवळपास अठरा तास लागतील. तेवढ्यात दुसऱ्या दिवसाचे ४० जीबी तयार.

पँगाँगची रात्र घेऊ, कारण सगळ्यात अडचणीची तीच असते. तलावाकाठच्या बऱ्याच तंबूंच्या कॅम्पमध्ये वीज जनरेटरची, संध्याकाळी काही तासच. तेवढ्या वेळात सगळ्यांचे फोन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, पॉवर बँक एकाच बोर्डावर तुटून पडतात. म्हणून कॉपीचं काम जनरेटरच्या भरवशावर ठेवायचं नाही. ते पोचल्याबरोबर, उजेड असताना उरकायचं. दिवसभर नकाशा दाखवून फोन अर्धमेला झालेला असतो, त्यामुळे गाडीवरच्या चार्जरने तो मुक्कामाला पोचेपर्यंत निदान अर्धा भरलेला हवा. हे सकाळीच ठरवायचं असतं.

कॅमेऱ्यावरची धूळ आणि चिखल आधी पुसा, मगच दार उघडा. वाऱ्यात, गाडीशेजारी उभं राहून कार्ड काढू नका. बधिर बोटांतून ते वाळूत पडलं तर सापडत नाही. तंबूत पलंगावर टॉवेल पसरा, त्यावर बसून कार्ड काढा. रीडरमध्ये घाला, रीडर आणि एसएसडी हबला, हब फोनला. एसएसडीवर त्या दिवसाचा नवा फोल्डर करा. नाव साधं: `09_PANGONG_K09`. नववा दिवस, जागा, नवव्या कप्प्यातलं कार्ड.

दिवसाला वेगळा फोल्डर ही हौस नव्हे. कॅमेरा फाइलींना स्वतःच नावं देतो आणि वेगवेगळ्या कार्डांवर तेच नाव पुन्हा येऊ शकतं. दोन दिवसांच्या फाइली एकाच फोल्डरात टाकल्या की फोन विचारतो, आधीची फाइल बदलू का? दमलेलं बोट 'हो' दाबतं आणि सरचूच्या जागी पँगाँग येऊन बसतं.

आणखी एक सापळा नावांतच आहे. गोप्रोसारखा कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतो. पहिला तुकडा `GX010023.MP4`, दुसरा `GX020023.MP4`. शेवटचे चार आकडे रेकॉर्डिंगचे, त्याआधीचे दोन तुकड्याचे. नावानुसार यादी लावली की सगळे ०१ वर येतात आणि ०२ खाली जाऊन पडतात. लोकांना वाटतं ह्या कसल्यातरी दुहेरी फाइली आहेत, आणि ते पुसतात. म्हणून निवडून कॉपी करायचीच नाही. `DCIM` हा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा उचलायचा. त्यातल्या `.LRV` आणि `.THM` या छोट्या फाइली नको असल्या तरी येऊ द्या. निवड घरी, टेबलावर.

कॉपी म्हणजे कॉपीच. 'मूव्ह' किंवा 'कट' हा शब्द या कामात येऊ द्यायचा नाही. मूव्ह करताना केबल हलली तर दोन्हीकडे अर्धवट उरू शकतं. कॉपी करताना हलली तर कार्डावर सगळं शाबूत असतं, पुन्हा सुरू करायचं. फोनची बॅटरी सेव्हर बंद ठेवा आणि पडदा चालू. बरेच फोन पडदा मिटला की मागे चाललेलं काम गुपचूप थांबवतात.

वेळ किती लागतो? बाजारातल्या अनेक फोनांचं सी पोर्ट आतून जुन्या यूएसबी २ चंच असतं, तिथे सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास मिळतात, आणि एकाच हबवर असल्याने रीडर आणि एसएसडी तेही वाटून घेतात. ४० जीबीला चाळीसेक मिनिटं. चांगल्या पोर्टवर ८० मिळाले तर आठ-नऊ. रोजचं काम एवढंच आहे. बूट काढून, चहा पिऊन होईपर्यंत ते संपलेलं असतं. ५१२ चं कार्ड भरल्यावर एकदम कॉपी करायला बसलात तर त्याच यूएसबी २ वर आठ तास जातात, आणि पँगाँगला आठ तास वीज मिळेल याची खात्री कोण देणार?

कॉपी झाली म्हणजे काम झालं असं मानू नका. तपासणीला पाच मिनिटं द्या. आधी दोन्हीकडच्या फोल्डरची माहिती उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडा. कार्डावर ८६ आणि एसएसडीवर ८५ असेल तर काहीतरी राहिलंय. मग एसएसडी रीतसर 'इजेक्ट' करून काढा आणि पुन्हा जोडा. एक्सफॅटमध्ये झटक्यात केबल ओढली तर फाइलींची सूचीच बिघडू शकते, म्हणून इजेक्ट. आणि पुन्हा जोडल्यावर जे दिसतं ते फोनच्या स्मरणातलं नसून खरोखर एसएसडीवरचं असतं. आता पहिली फाइल, मधली एखादी आणि शेवटची उघडा. शेवटच्या फाइलीत पट्टी अगदी टोकाला ओढून शेवटचे पाच सेकंद चालतात का बघा. कार्ड बनावट असेल, भरून गेलं असेल, बॅटरी मध्येच गेली असेल, तर ते आधी शेवटच्या फाइलीत दिसतं.

हे झालं की आजचं कार्ड डबीत पालथं, उद्याचं कॅमेऱ्यात. पाच सेकंद शूट करून कॅमेऱ्यावरच चालवून बघा. पडद्यावर उरलेला वेळ दोन तासांच्या वर दाखवत असेल तर कार्ड कोरं आहे. पन्नासेक मिनिटं दाखवत असेल तर चुकून कालचं घातलंय. हे रात्रीच कळलेलं बरं.

आणि मग सगळ्यात सोपी, सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट: दोन प्रती दोन माणसांकडे. कार्डांची डबी तुमच्या जॅकेटच्या आतल्या खिशात, एसएसडी मित्राच्या गाडीवर, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. दोन्ही एकाच टँक बॅगेत ठेवल्या तर त्या एकच प्रत झाल्या. नाल्यात गाडी आडवी पडली की बॅग एकदम जाते, आतल्या प्रती मोजून जात नाही.

इतकं करूनही बिघडतं. सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना थंडीने बॅटरी बसली, किंवा पडल्यावर बॅटरीच निसटली. व्हिडिओ फाइल शेवटी बंद करताना कॅमेरा तिच्यात एक अनुक्रमणिका लिहितो. ती लिहायची राहिली की आतलं चित्र शाबूत असूनही फाइल कुठेच उघडत नाही. अशा वेळी फोनवर खटपट करू नका. भरलेली बॅटरी घालून तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात लावा आणि चालू करा. गोप्रो आणि डीजेआयचे कॅमेरे अर्धवट फाइल ओळखून स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न करतात. नाही जमलं तर ते कार्ड डबीत पालथं, त्यावर पुन्हा काही लिहायचं नाही. घरी संगणकावर त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनुक्रमणिका पुन्हा उभी करणारे प्रोग्राम आहेत, `untrunc` हा त्यातला एक. त्यासाठीही कार्ड जसंच्या तसं राहिलेलं असावं लागतं. ज्यांच्याकडे एकच मोठं कार्ड असतं, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच शूट करावं लागतं.

पुसलेल्या फाइली परत आणणं याहून अवघड. साध्या कॅमेऱ्याचे फोटो पुष्कळदा सुटतात, पण ॲक्शन कॅमेरा मोठा व्हिडिओ आणि त्याची छोटी `.LRV` प्रत एकाच वेळी लिहीत असतो. दोन्हींचे तुकडे कार्डावर एकमेकांत विणले जातात. परत मिळवणारे प्रोग्राम सलग मजकूर धरून चालतात, त्यांना हे तुकडे जुळवता येत नाहीत. फाइल मिळते, पण चालत नाही. 'चुकून फॉर्मॅट झालं तरी रिकव्हर करू' हा भरवसा या कॅमेऱ्यांबाबत ठेवू नका. प्रवासात फॉर्मॅट नको म्हणतो ते यासाठी.

ड्रोन नेत असाल तर दोन शब्द. सीमेलगतच्या भागांत तो उडवायला बंदी असते, तेव्हा 'डिजिटल स्काय'वरचा नकाशा बघून आणि स्थानिक प्रशासनाला विचारूनच उडवा. कार्डाच्या दृष्टीने ड्रोनचं गणित सोपं आहे. एका बॅटरीत पंचवीस मिनिटं, १०० मेगाबिटवर १९ जीबी. तीन बॅटऱ्यांचं सगळं ६४ मध्ये मावतं. पण हा एकच कॅमेरा असा आहे की जो कार्डासकट दरीत किंवा तलावात जाऊ शकतो, आणि गेला की परत येत नाही. म्हणून कालचं फुटेज पोटात घेऊन ड्रोन कधीही उडवायचा नाही. नवा दिवस, नवं कार्ड. आणि उतरल्यावर आधी रेकॉर्डिंग थांबवा, मग पंखे बंद, मग वीज. थेट वीज तोडली की वर सांगितलेली अर्धवट फाइल हाती येते.

चौदा कार्डं एका मोठ्या कार्डापेक्षा महाग पडतात, हे खरं आहे. मी ते लपवणार नाही. पण गाडीची सर्व्हिस, हॉटेलं, पेट्रोल, जॅकेट, सुट्टी यांच्या हिशेबात तो फरक एका मुक्कामाच्या खर्चाएवढा असेल. अगदीच जमत नसेल तर १२८ ची पाच घ्या, प्रत्येकात तीन दिवस टाका, पण रोजची कॉपी आणि फॉर्मॅट न करण्याचा नियम तसाच ठेवा. त्यात एकच खबरदारी जास्त लागते. कार्डावर तीन दिवसांचं एकत्र असल्याने रोज कुठून पुढे कॉपी करायची हे तारखेवरून ठरवावं लागतं, म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की काही कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते. रोज सकाळी एकदा नजर टाका.

घरी आल्यावरही घाई नको. एसएसडीवरचं सगळं संगणकावर आणि आणखी एका डिस्कवर उतरवा, प्रत्येक दिवसाची एखादी फाइल शेवटपर्यंत चालवा. ती डिस्क पुण्यात फिरत्या तबकडीची असली तरी चालेल, इथे उंची ५६० मीटर आहे. त्यानंतर चौदाही कार्डं कॅमेऱ्यात घालून एकेक करून फॉर्मॅट करा.

जूनमध्ये निघणार असाल तर H2testw आजच उतरवून घ्या. पहिलं कार्ड आज रात्रीच लावा.